चिपळूण : घरातून दोघं काम करतोय, ब्रॉडबँड घ्यावं की हॉटस्पॉटवरच भागवावं?

खेर्डीची_स्मिता
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याहून दोन महिन्यांपूर्वी खेर्डीला सासरच्या घरी आलोय, सासऱ्यांची तब्येत बरी नसते म्हणून. दोघांच्याही हापिसांनी घरून काम करायला परवानगी दिलीय पण नेटचं काही धड नाही. सध्या ह्यांच्या फोनचं हॉटस्पॉट आणि माझ्या फोनचं हॉटस्पॉट असं चाललंय. माझं पेरोलचं काम आहे, हापिसचा कॉम्प्युटर रिमोटने उघडते आणि दिवसाला दोनेक तास मीटिंग. हे टेस्टिंगमधे आहेत, त्यांचे तीनेक तास कॉल असतात कॅमेरा चालू ठेवून, क्लायंटला तसंच लागतं. सासूबाई दुपारी फोनवर सिरीयल बघतात, मुलगा आठवीत, त्याचं काय चालतं ते विचारूच नका.
घर जुनं, चिऱ्याचं, भिंती दीड फुटी. ह्यांचं म्हणणं ब्रॉडबँडला महिन्याचे सहाशे कशाला घालवायचे, सिमला रोजचा २ जीबी आहेच. मला रोज दुपारी रडकुंडीला यायला होतं. काय करावं?

नेटगुरू_संजय
५जी फोन आहे ना? मग विषय संपला. ५जीवर डेटा मोजतच नाहीत, अनलिमिटेड. मला डोंबिवलीत ३०० एमबीपीएस मिळतं फोनवर, ब्रॉडबँडवाले १०० देतात आणि वर नखरे. वायर ओढा, खांब, माणूस आज येतो उद्या येतो. हॉटस्पॉटच ठेवा, फार तर एक जुना फोन फक्त त्यासाठी बाजूला काढा.

पाटणकर_काकू
स्मिता, घरबसल्या काम कुठल्या कंपनीत मिळतं गं? माझी भाची बीकॉम झालीये, टायपिंग येतं. लिंक असेल तर टाक.

खेर्डीची_स्मिता
काकू, आमची पुण्यातलीच नोकरी आहे, नेट फक्त खेर्डीतलं :) तुम्हाला निरोप पाठवते.
संजयदादा, ५जी येतं आमच्याकडे, पण फोन पडवीत ठेवला तरच. माजघरात आलं की वरती ४जी दिसायला लागतं.

जॉइंटवाला
संगमेश्वरात फायबरची कामं करतो, चौदा वर्षं झाली, म्हणून लिहितो.
संजयभाऊ म्हणतात ते अर्धं खरं आहे. ५जीवर असेपर्यंत डेटा मोजत नाहीत हे बरोबर, पण ताईंनी आत्ताच सांगितलं ना की घरात आलं की ४जी. चिरा सिग्नल खातो, त्यात दीड फुटी भिंत. आणि फोन ४जीवर उतरला की त्याच मिनिटापासून तुमचा रोजचा २ जीबीचा कोटा संपायला लागतो, फोन काही सांगत नाही. म्हणजे पडवीत अनलिमिटेड आणि माजघरात दोन जीबी.
आता हिशोब करा. कॅमेरा चालू ठेवून चारपाच जणांचा कॉल म्हणजे तासाला जीबीभर धरा, कधी त्याहून जास्त. दादांचे तीन तास म्हणजे साडेतीन-चार जीबी, तुमचे दोन तास म्हणजे दोन. रिमोटवर फार डेटा जात नाही, पण टेस्टिंगवाल्यांना बिल्ड डाऊनलोड करायला लागतात, जीबी दीड जीबी ते. सगळं मिळून सातआठ जीबी रोजचे, त्यात सासूबाईंची सिरीयल धरलीच नाही. दोन्ही सिम मिळून कोटा किती, तर चार. म्हणजे जेवायच्या वेळेला कोटा संपणार आणि पुढे ६४ केबीपीएस. त्यात मेल उघडायला पण बोंब. तुम्हाला दुपारीच रडू येतं त्याचं कारण बहुतेक हेच.

खेर्डीची_स्मिता
अगदी!! दीड-दोनच्या सुमाराला. मला वाटायचं टॉवरवर तेव्हा गर्दी होत असेल.
पण सकाळी पण मधेच अडकतं हो. साडेदहा अकराच्या आसपास, दोन-तीन मिनिटं माझं चित्र गोठतं, मग आपोआप सुरू. तेव्हा तर कोटा शिल्लक असतो.

जॉइंटवाला
ते वेगळं दुखणं असेल. एक करा, उद्या सकाळी कॉल चालू असताना लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवून ठेवा आणि मधेमधे बघत राहा:

```
ping -t 8.8.8.8
```

थांबवायला कंट्रोल आणि सी. जेव्हा अडकेल तेव्हाच्या चार ओळी इथे टाका. स्पीड टेस्टचा आकडा मला नको. स्पीड टेस्ट म्हणजे लग्नाच्या हॉलवर सनई वाजते तेव्हा घेतलेला फोटो, रोजचा संसार त्यात दिसत नाही.

नेटगुरू_संजय
स्पीड नको म्हणता, अहो दोघांना कॉलला किमान १०० एमबीपीएस लागतं. ३० चा प्लॅन घेतला तर दोघं एकदम बसूच शकणार नाहीत.

घाटावरचा_अवधूत
संजयराव, कुठून आणला हा आकडा? एचडी कॉलला दोनतीन एमबीपीएस जाताना आणि तितकंच येताना, फार झालं तर चार. दोघं मिळून आठ. मी साताऱ्यात ४० च्या प्लॅनवर आहे, मी, बायको, आणि टीव्हीवर मॅच, कधी अडलं नाही. अडलं तर अपलोडवर अडतं, डाऊनलोडवर नाही. विचारायचं ते हे विचारा की जाताना किती. फायबरवाले बहुतेक दोन्हीकडे सारखंच देतात, छतावर डबा लावून हवेतून नेट देतात त्यांचं अपलोड फार कमी असतं, डाऊनलोडचा आकडा तेवढा मोठा करून लिहितात.
आमच्याकडे एकदा रोज रात्री नऊला बायकोचा अमेरिकेचा कॉल तुटायचा. आठवडाभर कंपनीला शिव्या दिल्या. मग कळलं माझाच फोन चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप सुरू करतो, आणि दिवसभरात काढलेले पोरीचे व्हिडिओ वर चढवत बसतो. अपलोडची वाट पूर्ण भरली की बाकीच्यांचं सगळं रांगेत. बॅकअप रात्री दोनला लावला, कॉल सुटला.

खेर्डीची_स्मिता
आज केलं. सकाळी १०:४० ला अडकलं तेव्हाचं हे:

```
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=48ms TTL=113
Reply from 8.8.8.8: bytes=32 time=53ms TTL=113
Request timed out.
Request timed out.
```

मग असे टाइम्ड आउट सलग चाळीसेक आले, आणि परत ५० वर, जसं काही झालंच नाही. अवधूतदादा, बॅकअप तपासला, बंदच आहे.
एक गोष्ट लक्षात आली. आज मी ह्यांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर होते. नेमकं तेव्हा हे बाहेर पडवीत फोनवर बोलत होते.

जॉइंटवाला
कुठल्या सिमवर बोलत होते? फोनमधे दोन सिम आहेत का?

खेर्डीची_स्मिता
हो, दोन. डेटाचं एक आणि जुना नंबर दुसरा, ज्याच्यावर सगळे नातेवाईक. त्या जुन्यावरच आला होता, रत्नागिरीच्या आत्यांचा.

जॉइंटवाला
सापडलं मग. बॅकअपने भरलं असतं तर ५० चे ५०० झाले असते, हजार झाले असते, पण उत्तर उशिरा का होईना आलं असतं. तुमच्याकडे उत्तरच बंद झालंय, एकदम, आणि एकदम परत आलं. बहुतेक दोन सिमच्या फोनात एका सिमवर कॉल सुरू झाला की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो, कारण रेडिओ एकच. म्हणजे आत्याबाई जितका वेळ बोलल्या तितका वेळ तुमचं हापिस बंद. साडेदहा ही तशी बोलायचीच वेळ, चहा झालेला असतो :)
सेटिंगमधे सिमच्या पानावर कॉल चालू असताना दुसऱ्या सिमवरून डेटा घ्यायचं बटण असतं काही फोनात, ते चालू करून बघा, पण दोन्ही सिमवर डेटा पॅक लागेल आणि बदलताना व्हीपीएन तुटेलच. त्यापेक्षा जुना नंबर दुसऱ्या फोनात टाका.

खेर्डीची_स्मिता
अरे देवा. आणि मी दोन महिने टॉवरला दोष देतेय. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले मग झालं की, सिम काढतो, ब्रॉडबँड कशाला!

माहेर_मालवण
😂😂 आमच्याकडे पण हेच चाललेलं.
हॉटस्पॉट ठेवणारच असाल तर फोन वायरने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग करा, वायफायपेक्षा स्थिर चालतं. पण दिवसभर चार्जिंग आणि डेटा एकदम, फोन तव्यासारखा तापतो. माझ्या नवऱ्याच्या फोनची बॅटरी सहा महिन्यात फुगली, मागचं झाकण उचकटून वर आलं. नवी बॅटरी टाकायला दोन हजार गेले. सहाशे वाचवताय ते असे जातात, सांगा त्यांना.
आणि विंडोजमधे त्या हॉटस्पॉटला मीटर्ड कनेक्शन करून ठेवा, नाहीतर अपडेट एका दुपारीत कोटा गिळतं.

नेटगुरू_संजय
बरं मग छतावरचा ५जी डबा घ्या. वायर नाही, खांब नाही, फोन तापत नाही. कोटा पण बऱ्याच प्लॅनना १००० जीबी महिन्याला.

जॉइंटवाला
हे मात्र मी उडवून लावणार नाही. डबा छतावर उघड्यावर असतो, भिंतीचा प्रश्न मिटतो. टॉवर समोर दिसत असेल तर चांगला चालतो. पण टॉवर तोच जो सगळ्या गावाचे फोन ओढतोय, संध्याकाळी काय होतं ते शेजारी कोणाकडे असेल तर सात ते दहात बसून बघा. आणि कोसळणाऱ्या पावसात कसा टिकतो हे मी अजून पुरेसं बघितलेलं नाही, उगाच बोलत नाही.
ताई, तुमच्या वाडीत फायबर कोणाचं आलंय? शेवटचा डबा घरापासून किती लांब? लोकल केबलवाला असेल तर त्याला एकच विचारा, घरात फायबर आणून देणार की जिन्यातल्या किंवा खांबावरच्या स्विचवरून निळी लॅन वायर देणार.

खेर्डीची_स्मिता
दोन आहेत. एक मोठी कंपनी, त्यांचा डबा हायवेकडे साधारण ३०० मीटरवर. आणि एक लोकल केबलवाला, तो म्हणतो उद्या लावून देतो, ४०० रुपये महिना, वायर शेजाऱ्यांच्या घरावरून. निळीच वायर आहे, शेजाऱ्यांची बघून आले. फरक काय पडतो?

जॉइंटवाला
कोकणात फार पडतो. निळ्या वायरीला मधे कुठेतरी स्विच असतो, त्याला लाईट लागते. तुमच्या घरात इन्व्हर्टर असला तरी ज्याच्या ओट्यावर तो स्विच आहे त्याची लाईट गेली की तुमचं नेट गेलं. फायबरचं तसं नाही, मधले स्प्लिटर नुसते काचेचे, त्यांना करंट लागतच नाही. तिकडे ऑफिसात बॅटरीवर मशीन चालू आणि इकडे तुमचा डबा चालू, की नेट चालू, मधल्या अख्ख्या वाडीत अंधार असला तरी.
दुसरं म्हणजे वीज. मे अखेरीला वळीव सुरू झाला की तांब्याच्या वायरीतून झटका येतो आणि राउटरचं पोर्ट जळतं, कधी लॅपटॉपचं पण. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पिशवीभर राउटर येतात. काचेतून झटका येत नाही. तो लोकलवाला फायबर देत असेल तर त्याला आधी घ्या, कारण तुटल्यावर तो संध्याकाळी शिडी घेऊन येईल, मोठ्या कंपनीचं तिकीट तीन दिवस फिरत बसतं.

घाटावरचा_अवधूत
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

परशुराम_घाट
मी चिपळूणचाच. हायवेच्या कामात जेसीबीने फायबर कितीदा तोडली त्याची गणतीच नाही, त्यामुळे फायबर म्हणजे कायमचं असं समजू नका. आणि २०२१ च्या पुरात तर फायबर, फोन, लाईट, काहीच राहिलं नव्हतं. दोन्ही ठेवा, आणि मोबाईल सिम दुसऱ्याच कंपनीचं ठेवा. फायबर ज्या कंपनीचं त्याच कंपनीचं सिम असेल तर वरची मोठी लाईन तुटल्यावर दोन्ही एकदम आडवे पडतात, आमचं दोनदा झालंय.

खेर्डीची_स्मिता
तीन आठवड्यांनी लिहितेय. लोकलवाल्याच्या मागे लागले, म्हटलं निळी नको, फायबर देणार असशील तर दोन्ही लॅपटॉपचं काम तुझ्याकडे. आधी का कू केलं, मग ड्रॉप केबलचे पैसे वेगळे घेऊन आणली. ४० एमबीपीएस, ४९९ अधिक जीएसटी, ५८९ पडतात. महिना ३३०० जीबी, आमच्या बापजन्मात संपायचे नाहीत.
पहिले चार दिवस सोन्यासारखं. पाचव्या दिवशी पाऊस आला आणि दर तासाला एकदा तुटायला लागलं. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो, मग जातो. तो म्हणतो तुमचा राउटर खराब. जॉइंटवाला दादा, आहात का?

जॉइंटवाला
आहे. लाल दिवा म्हणजे काचेतून उजेड पोचत नाही, राउटरचा त्यात संबंध नाही. ब्राउझरमधे `192.168.1.1` उघडा, पासवर्ड डब्याच्या मागे चिकटवलेला असतो. आत ऑप्टिकल किंवा पॉन नावाचं पान शोधा, त्यात `Rx Power` किती दाखवतंय ते सांगा.

खेर्डीची_स्मिता
पाऊस नसताना -२५.८. पाऊस पडतोय आत्ता, -२८.१.

जॉइंटवाला
हे बघा. -१८ ते -२४ असेल तर निवांत. -२७ च्या पलीकडे गेलं की डब्याला वाचता येत नाही. तीनचा फरक म्हणजे उजेड निम्मा, त्यामुळे २५ वरून २८ हे दिसायला छोटं आहे पण छोटं नाही. कोरड्यातच २५.८, म्हणजे आधीच काठावर होतं, पावसाने ढकललं.
पावसात बदलतंय म्हणजे कुठेतरी पाणी शिरतंय किंवा वायर भिजून ओढली जातेय. माझी पैज, त्याने खांबावर मशीन न लावता हाताने दाबायचं कनेक्टर टाकलंय, पाच मिनिटात होतं म्हणून सगळे तेच टाकतात. त्यात ओल गेली की असंच. त्याला सांगा तिथे स्प्लाइसिंग मशीनने जॉइंट मार आणि डबा बंद कर, आणि घरात वायर खिळ्यावरून काटकोनात वाकवली नाही ना ते तुम्हीच बघा. आकडा सांगून बोला, मग राउटर राउटर करणार नाही.

खेर्डीची_स्मिता
आकडा सांगितल्यावर चेहराच बदलला त्याचा :) काल मशीन घेऊन आला. खांबावर कनेक्टरच होतं, उघडलं तर आत चक्क मुंग्या. शिवाय माजघराच्या चौकटीत दाराखाली वायर चेपली होती, ती आमचीच करामत. आता -२१.४, आणि भर पावसात -२१.५.
दिवाणखान्यातून माजघरात वायफाय येतच नव्हतं, तिथे चिऱ्याला भोक पाडून एक लॅन केबल नेली आणि ह्यांचा लॅपटॉप वायरीवर. सासऱ्यांनी भोक पाडताना जे काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.
लाईटसाठी राउटरचा छोटा यूपीएस घेतला, तेराशेला. अॅडाप्टरवर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलंय ते बघून घेतला. परवा लाईट साडेतीन तास गेली, शेवटपर्यंत चालला.

माहेर_मालवण
वा! आणि यजमान काय म्हणतात?

खेर्डीची_स्मिता
म्हणतात सहाशे गेले ते गेलेच. पण जुन्या नंबरवर आत्यांशी तासभर निवांत बोलतात आता. माझ्या फोनचं सिम दुसऱ्या कंपनीचं केलंय, पडवीत खिडकीपाशी ठेवते, फायबर गेलं तर यूएसबीने जोडायला.

नेटगुरू_संजय
खरा पाऊस तर अजून यायचाय. जुलैत सांगा.

साखरप्याचा_बंड्या
जॉइंटवाला दादा, आमच्या घरापर्यंत शेवटच्या खांबापासून पाऊण किलोमीटर आहे, मधे काजूची बाग. केबलवाला म्हणतो मीटरमागे पैसे द्या, आणि वायर झाडांवरून नेतो. चालेल का? की खांब रोवायला सांगू?

जॉइंटवाला
झाडांवरून नको, वाऱ्यात रोज ओढ बसते. मीटरला किती मागतोय ते आधी सांग.